आमची वाटचाल: पुण्याची पार्टी मकरपुऱ्यात शॉप बघायला आली तेव्हा

आमचं वर्कशॉप बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आहे, बाबांनी लेथवर जॉबवर्क करत सुरू केलेलं, आता सीएनसी आहेत आणि रोजचं काम मी बघते. बरीच वर्षं आम्ही इथल्याच मोठ्या वेंडरांसाठी पार्ट काढत होतो, म्हणजे माल आपला पण नाव त्यांचं. डायरेक्ट ऑर्डर मिळवायची तर कस्टमर आधी तुमच्या दारात येऊन सगळं बघणार, त्याशिवाय वेंडर कोड देतच नाहीत. पुण्याच्या एका पंपवाल्या कंपनीची अशी व्हिजिट आमच्याकडे झाली आणि त्यानंतर आमची गाडी वेगळ्या रुळावर गेली म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितेय, आपल्यातले बरेच जण छोट्या शॉपवाले आहेत त्यांना उपयोग होईल.

पार्ट साधा होता, एसएस ३१६ चा बुश, बोअर २० एच ७. म्हणजे बोअर २०.००० पासून २०.०२१ पर्यंत चालतो, एकवीस मायक्रॉनची जागा. पण त्यांना खरी काळजी साइजची नव्हती, मटेरियलची होती. ३१६ आणि ३०४ शेजारी ठेवले तर डोळ्यांनी फरक कळत नाही, चुंबक लावूनही कळत नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते नसतं, आणि खाऱ्या पाण्याच्या पंपात चुकून ३०४ गेलं तर थोड्या दिवसांत बारीक खड्डे पडायला लागतात. म्हणून असा कस्टमर येतो तेव्हा तो एकच गोष्ट बघायला येतो, तयार बुश हातात घेतला तर तो कुठल्या बारमधून निघाला हे तुम्ही कागदावर दाखवू शकता का. बाकीचं सगळं, फरशी, रंग, बोर्ड, हे त्याच्या नंतर.

अजेंडा त्यांनी पाठवला तो नेहमीचाच होता, दहाला ओपनिंग मीटिंग, मग प्रेझेंटेशन, मग डॉक्युमेंट, जेवण आणि जेवणानंतर शॉप राउंड. मी फोन करून विचारलं की सर, शॉप राउंड सकाळी घेऊ का आणि तुमचाच बुश त्या वेळी मशीनवर चालू ठेवू का. ते लगेच हो म्हणाले. कारण असं की दुपारी राउंड ठेवला की शिफ्ट बदलायची वेळ जवळ येते, सेटिंग करणारा माणूस घरी जायच्या घाईत असतो आणि पाहुणेही ट्रेनच्या वेळेकडे बघत असतात, मग घाईघाईत जे दिसतं त्यावर मत बनतं. आणि प्रेझेंटेशन आम्ही दहा मिनिटांत संपवलं, मशीन लिस्ट, माणसं किती, कुठले गेज आहेत, बास. जेवणाच्या आधी शॉप आणि जेवणानंतर कागद, हे मला अजूनही बरोबर वाटतं, कारण शॉपवर जे बघितलं त्याचेच कागद मग मागता येतात.

तयारी म्हटलं की लोक रंगकाम काढतात. आम्ही आठवडाभर आधी रोज एक उलटा फेरा मारायला लागलो. आमच्या अकाउंटवाल्या ताईंना मी सांगितलं, पॅकिंगच्या खोक्यातून डोळे मिटून एक पीस उचला आणि त्याच्या बारपर्यंत पोचून दाखवा, मला विचारायचं नाही. मुद्दाम त्यांनाच सांगितलं, कारण त्यांना मशीनिंगमधलं काही माहीत नाही, त्या पोचल्या तर बाहेरचा कोणीही पोचेल. खोक्यावरच्या लेबलवर लॉट नंबर, लॉट नंबरवरून रूट कार्ड, रूट कार्डवर कटिंगची तारीख आणि हीट नंबर, म्हणजे मिलमध्ये एका वेळी वितळवलेल्या मालाचा नंबर, हीट नंबरवरून टीसीची फाइल आणि शेवटी रॅकमध्ये उरलेला बार. टीसी म्हणजे ईएन १०२०४ चं ३.१ सर्टिफिकेट, त्यात त्याच मालाचे टेस्ट रिझल्ट असतात आणि मिलच्या प्रॉडक्शनपासून वेगळ्या असलेल्या इन्स्पेक्शनवाल्याची सही असते.

ही साखळी बहुतेक शॉपमध्ये कटिंगला तुटते. बारच्या एका टोकाला हीट नंबर पंच केलेला असतो किंवा रंग लावलेला असतो, बॅण्डसॉवर पहिला तुकडा त्याच टोकाचा कापला की नंबर गेला, आणि मग रॅकमध्ये उरतो तो नुसता चकचकीत बिनओळखीचा बार. ओळखायची खूण सोपी आहे, स्टोअरमध्ये जा आणि अर्धवट कापलेले बार बघा, ज्यांवर काही लिहिलेलं नाही ते बार म्हणजे तुटलेली साखळी. आमच्या इथे स्टोअरवाले काका बाबांच्या वेळचे, त्यांचा नियमच आहे की नंबरचं टोक शेवटी कापायचं, आणि उरलेला तुकडा परत ठेवायच्या आधी त्यावर नंबर पुन्हा पंच करायचा, आणि कापलेले तुकडे एका हीटचे एका ट्रेमध्ये, ट्रेला टॅग. काका गुजरातीत म्हणतात, बेन, नंबर नाही तर तो बार भंगारात. व्हिजिटच्या दिवशी हे वाक्य त्यांनी पुण्याच्या साहेबांसमोरही तसंच म्हटलं, मला काही बोलावंच लागलं नाही.

गेजचं पण बघितलं. प्रत्येक मायक्रोमीटर, बोअर गेज आणि प्लग गेजवर स्टिकर, स्टिकरवरची तारीख आणि सर्टिफिकेटवरची तारीख जुळतेय का, आणि ड्रॉवरमध्ये पडलेले जुने, स्टिकर नसलेले गेज सगळे उचलून लॉकमध्ये. हे ड्रॉवरमधलं कोणी बघत नाही आणि ऑडिट करणारा पहिला ड्रॉवरच उघडतो. आणखी एक, दुसऱ्या कस्टमरांची ड्रॉइंग आणि नावं लिहिलेली खोकी झाकून ठेवली. हे लपवाछपवी म्हणून नाही, दुसऱ्याचं ड्रॉइंग तुम्ही उघडं ठेवलंत तर उद्या याचंही ठेवाल एवढं त्याला कळतं.

दिवस उजाडला, दोघं जण आले, एक परचेसचे आणि एक क्वालिटीच्या मॅडम. गेटवरच सेफ्टी शूज आणि गॉगल दिले, इमर्जन्सीला कुठून बाहेर पडायचं ते दोन मिनिटांत सांगितलं, फोटो कुठे काढता येतील आणि कुठे नाही तेही तिथेच सांगितलं. मॅडम सरळ पॅकिंगला गेल्या, खोक्यातून एक बुश उचलला आणि म्हणाल्या चला. मी ठरवलं होतं की मी मागे चालणार आणि ज्याचं काम त्यानेच उत्तर द्यायचं. ऑपरेटर हिंदी-गुजराती मिसळून बोलतो, मॅडमना कुठे शब्द अडला तर तेवढाच मी मराठीत सांगायचा, त्यात स्वतःचं काही घालायचं नाही. मालकाने प्रत्येक वेळी मध्ये बोललं की पाहुण्याला वाटतं ऑपरेटरला माहीत नाही. आणि सगळ्यांना एकच सांगून ठेवलेलं, माहीत नसेल तर बघून सांगतो म्हणा आणि खरंच बघून सांगा, अंदाजाने काही बोलू नका.

मशीनपाशी एक प्रसंग झाला तो महत्त्वाचा आहे. मॅडमनी आत्ताच निघालेला पीस मागितला आणि म्हणाल्या बोअर मोजून दाखवा. ऑपरेटरने पीस हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, मॅडम, गरम आहे, पाच मिनिटं थांबावं लागेल. जिथे गेज ठेवतो त्याच ग्रॅनाइट प्लेटवर त्याने तो पीस ठेवला. हिशोब असा, एसएस ३१६ एका डिग्रीला मीटरमागे साधारण सोळा मायक्रॉन वाढतं, वीस मिलिमीटरच्या बोअरला तीस डिग्रीचा फरक असेल तर जवळजवळ दहा मायक्रॉन, म्हणजे एकवीसपैकी अर्धी जागा. गो गेज म्हणजे बोअरमध्ये जायलाच हवा तो आणि नो-गो म्हणजे जायलाच नको तो, गरम पीसमध्ये गो गेज आरामात जातो आणि थंड झाल्यावर अडकतो. मापं सगळी वीस डिग्री धरून दिलेली असतात, आपल्या बडोद्यात उन्हाळ्यात शॉपमध्ये वीस डिग्री कुठून आणणार, पण पीस आणि गेज एकाच तापमानाला आले तरी बरंचसं काम होतं, गेजचं स्टील ३१६ पेक्षा कमी वाढतं, पण एवढ्या छोट्या बोअरला तो फरक एक-दोन मायक्रॉनचाच पडतो. मॅडम पाच मिनिटं तिथेच उभ्या राहिल्या, मग गो गेला, नो-गो गेला नाही, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बुशपासून मागे जाता जाता रूट कार्ड सापडलं, हीट नंबर सापडला, टीसी सापडलं, रॅकमध्ये त्याच नंबरचा उरलेला बार सापडला. एका ठिकाणी मात्र त्या थांबल्या. पॅसिव्हेशन, म्हणजे ॲसिडच्या टाकीत बुडवून स्टेनलेसवरचा गंज रोखणारा थर पक्का करणं, आम्ही बाहेर करून घेतो, त्या वेंडरचं चलन बघितलं तर त्यावर पार्टचं नाव आणि क्वांटिटी, हीट नंबर नाही. त्यांचा प्रश्न बरोबर होता, दोन हीटचा माल एका दिवशी गेला तर टाकीतून परत येताना वेगळा कसा ओळखाल. आम्ही एका वेळी एकच हीट पाठवत होतो हे खरं, पण कागदावर ते दिसत नव्हतं, आणि कागदावर नाही म्हणजे त्यांच्या दृष्टीने झालंच नाही. मी तिथे वाद घातला नाही, लिहून घेतलं.

जेवायला मालकाने हॉटेल वगैरे करायचं की नाही यावर बाबांचं आणि माझं मत वेगळं होतं. शेवटी शॉपवरच घरून डबा आणला, वरणभात, पोळी, भाजी, आणि संध्याकाळी सेव उसळ. दोनच्या आत कागदांना बसलो.

क्लोजिंग मीटिंगला आमच्या क्वालिटीच्या मुलाने सगळे मुद्दे स्वतः वाचून दाखवले, हे त्यांनी सांगण्याआधी, आणि प्रत्येकाला विचारलं की हा मायनर की नुसतं ऑब्झर्वेशन. हे तिथेच ठरलं पाहिजे, नाहीतर पंधरा दिवसांनी रिपोर्टमध्ये त्याच गोष्टीचं नाव वेगळं येतं. पॅसिव्हेशनचा मुद्दा मायनर ठरला, बाकी दोन ऑब्झर्वेशन. पाहुणे स्टेशनला पोचायच्या आत मी मेल पाठवला, तीन मुद्दे, कोणी करायचं, कधीपर्यंत.

फॉलोअपमध्ये लोक नुसतं लिहून पाठवतात की वेंडरला सूचना दिली आहे. याने मुद्दा बंद होत नाही. आम्ही चलनाचा फॉर्मॅट बदलला, हीट नंबरचा रकाना टाकला, ट्रेला स्टीलचा टॅग तारेने बांधायला सुरुवात केली कारण कागदाचा टॅग ॲसिडच्या टाकीत टिकत नाही, आणि माल परत आल्यावर टॅग आणि चलन जुळल्याशिवाय स्टोअरवाले काका माल आत घेत नाहीत. भरलेल्या चलनाचा फोटो, टॅगचा फोटो आणि त्यानंतरच्या सलग तीन लॉटचे चलन, एवढं पाठवलं. तीन लॉट मुद्दाम, एका लॉटचं कोणीही दाखवतं. मॅडमचा रिप्लाय आला की पॉइंट क्लोज, आणि त्याच मेलमध्ये परचेसच्या साहेबांनी ट्रायल ऑर्डरची क्वांटिटी विचारली. आता तो बुश रेग्युलर चालू आहे, त्याच्या जोडीला एक स्लीव्ह पण आलाय, आणि पॅसिव्हेशनवाल्या भाईंनी तोच टॅग त्यांच्या बाकीच्या कस्टमरांसाठीही चालू केलाय.