नकार कळवल्यावर आलेला मेल

चाकणला एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी रिक्रूटर आहे, आठ वर्षं झाली. सप्लायर क्वालिटी इंजिनियरची एक जागा भरायला आम्हाला गेल्या वर्षी अकरा आठवडे लागले आणि त्यातली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

अकरा आठवडे मुलाखती चालत नाहीत. राउंड चारच होते, फोन, टेक्निकल, मग शॉप फ्लोअरवर नेऊन रिजेक्ट झालेला पार्ट हातात देतात आणि विचारतात की सप्लायरकडे नक्की कुठे चुकलं असेल, आणि शेवटी प्लांट हेड. पण मधे दिवाळी आली, प्लांट हेड कस्टमर ऑडिटमध्ये अडकले, आणि तीन आठवडे वरूनच हेडकाउंट होल्डवर होता. होल्ड आहे हे कँडिडेटला सांगायची आम्हाला परवानगी नसते. 'प्रोसेस सुरू आहे' एवढंच म्हणत राहायचं, आणि हे वाक्य बोलताना मला दर वेळी लाज वाटते, कारण समोरचा माणूस रजा टाकून येत असतो.

त्यातली एक कँडिडेट नाशिकची, अंबडला नोकरी करणारी. दोनदा चाकणला आली, त्यातल्या एकदा पॅनेलमधले साहेब लाइन बंद पडली म्हणून तिकडे गेले आणि ही तीन तास रिसेप्शनला बसून. मी दोनदा चहा पाठवला, तिसऱ्यांदा स्वतः जाऊन बसले तिच्याजवळ.

शेवटी तिघं उरले. ज्याला घेतलं त्याच्याकडे कास्टिंग सप्लायरचा अनुभव होता, हिचा आणि तिसऱ्या मुलाचा सगळा मशिनिंगचा. पॅनेलने दोघांपुढे 'चालेल, बॅकअप' असं लिहिलं. सिस्टिममध्ये स्टेटस बदललं की नकाराचा मेल आपोआप जातो, तसा दोघांना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेल, मी मुलाखतीची वेळ कळवली होती त्याच मेलला उत्तर म्हणून. पाच ओळी. मूळ इंग्रजीत, पण मजकूर असा: 'निर्णय कळला. त्या दिवशी तुम्ही स्वतः येऊन बसलात आणि उशीर का होतोय ते खरं सांगितलंत, ते लक्षात राहील. पोरोसिटीवरचा प्रश्न मला नीट जमला नव्हता, आता कास्टिंगचं वाचायला घेतलंय. पुढे मशिनिंगकडची जागा निघाली तर जरूर कळवा.' का नाही घेतलं याची विचारणा नाही, पुन्हा विचार करा अशी गळ नाही. आभाराचे मेल येतात मला, पण बहुतेक नेटवरून उचललेले, कंपनीचं नाव बदललं की कुठेही चालतील असे. हा मेल माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला पाठवताच आला नसता.

मग जे व्हायचं तेच झालं. निवडलेल्या मुलाचा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, आणि जॉइनिंगच्या सहा दिवस आधी फोन, 'मॅडम, आमच्या कंपनीने पगार वाढवला, मी येत नाहीये.' नव्याने शोधायचं म्हणजे परत तेवढेच महिने, आणि सप्लायरकडून खराब माल तर रोज येतोय.

अशा वेळी आधी नाकारलेल्याला फोन करणं फार जड जातं. तेव्हा नको होतो, आता कसे आठवलो, हे त्यांनी म्हटलं नाही तरी ऐकू येतं. बॅकअपमध्ये दोन नावं, दोघांचे मार्क जवळपास सारखे, आणि माझा हात तिच्याच नंबरकडे गेला. तिच्याशी बोलायची वाट मोकळी होती. पॅनेलने 'चालेल' लिहिलं नसतं तर त्या मेलने काहीएक झालं नसतं, हेही तितकंच खरं. तिचा नोटीस दोन महिन्यांचा, तो तिने पंचेचाळीस दिवसांवर आणला आणि ती जॉइन झाली. काम चांगलं करते.

पण तो दुसरा मुलगा. तोही रजा टाकूनच येत होता. दोन महिन्यांनी दुसऱ्या जागेसाठी त्याला फोन केला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, 'मॅडम, मलाही तुम्हाला थँक्यू लिहायचं होतं, पण तो मेल नो-रिप्लायवरून आला होता, उत्तर दिलं तर परत आलं.' मला काही बोलताच येईना. तिला जुना मेल शोधून त्यावर लिहायचं सुचलं, याला नाही सुचलं. आणि दार बंद ठेवलं होतं ते आम्ही.

आता प्लांट राउंडपर्यंत आलेल्या माणसाचं स्टेटस मी आधी बदलत नाही. आधी फोन करते, नंतर स्वतःच्या आयडीवरून दोन ओळी. हायरिंग मॅनेजर म्हणतात यात वेळ जातो. जातोच, एका माणसामागे दहा मिनिटं. त्या मुलाने तोवर दुसरीकडे ऑफर घेतली होती.