वीस सेकंदांत मागचे अकरा भाग

नागपुरातल्या एका रेडिओ मालिकेच्या बाराव्या भागासाठी ‘मागील भागात’ लिहायचं काम माझ्याकडे आलं. वेळ होता वीस सेकंद.

पहिल्या दिवशी मी अकराही भागांचा सारांश लिहिला. घड्याळ लावून मोठ्यानं वाचला, तर बेचाळीस सेकंद लागले. त्यात पाच पात्रांची नावं होती. इतवारीतल्या मावशीनं ही मालिका कधी ऐकली नव्हती, म्हणून तिला तो वाचून दाखवला. ती म्हणाली, “कोण कोणाचा कोण लागते, काहीच नाही समजलं बाप्पा.”

वाचताना मागचं पान दिसतं, ऐकताना नाव एकदा निसटलं की गेलं. म्हणून मग मी उलटीकडून सुरुवात केली. बाराव्या भागाचा पहिला प्रसंग घेतला आणि नव्या श्रोत्याला अडेल अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढली. चारच रेघा पडल्या. बाजारातलं भांडण मला फार आवडायचं, पण आजच्या प्रसंगाला ते लागत नव्हतं. ते काढताना जीवावर आलं.

नावांपैकी फक्त नलू ठेवली, बाकीचे सगळे नात्यानं किंवा कामानं ओळखायचे. शेवटी उरलं ते असं:

“काटोलजवळची वडिलांची संत्र्याची बाग मोठा भाऊ विकायला निघालाय. सातबाऱ्यावर बहिणीचं, नलूचंही नाव आहे; तिच्या सहीशिवाय विक्री होत नाही. नलू नागपुरात नर्स आहे, तिला यातलं काहीच ठाऊक नाही. वडिलांनी मरण्याआधी एक चिठ्ठी सालदाराजवळ दिली होती. आज पहाटे तोच सालदार नलूच्या दाराशी उभा आहे.”

हे बेचाळीस शब्द आहेत. सेकंदाला दोनाहून थोडे जास्त शब्द धरले, तर निवेदिकेला श्वास घ्यायलाही जागा राहते. यापेक्षा वेगानं वाचलं की बातम्यांसारखं वाटतं आणि चिठ्ठीचं वजन जातं.

स्टुडिओत एक अडचण आली. ‘विक्री’च्या जागी मी आधी ‘सौदा’ लिहिलं होतं. ‘सहीशिवाय सौदा’ म्हणताना माइकवर लागोपाठ फुसफुस येत होती. निवेदिकाताई दोनदा थांबल्या, शब्द बदलला आणि तिसऱ्यांदा वाक्य स्वच्छ निघालं.

शीर्षकसंगीत निवेदनाखाली हळू चालू होतं. ते ‘आज पहाटे’च्या आधी पूर्ण उतरवा, असं मी ध्वनिमुद्रकदादांना सांगितलं. त्यामुळे शेवटचं वाक्य शांततेत आलं. ‘उभा आहे’नंतर अर्धा सेकंद सोडला आणि लगेच दारावरची थाप. निवेदन संपून प्रसंग कधी सुरू झाला ते कळतच नाही. मालिकेच्या जुन्या श्रोत्यांनाही तिथं थांबल्यासारखं होत नाही.

मावशीला पुन्हा ऐकवलं. थाप पडली तशी तिनं माझा हात धरला. “थांब, बोलू नको. चिठ्ठीत काय आहे ते ऐकू दे.”