पत्रिकेवरचा नकाशा: शेवटच्या ७०० मीटरना जागा

मैत्रिणीच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेमागे नकाशासाठी ९० × ६० मिमी जागा मिळाली आहे. बसस्थानकापासून सभागृह ९ किमी. त्यातले पहिले ८.३ किमी सरळसोट हमरस्ता, आणि वळणं तीन, तीही सगळी शेवटच्या ७०० मीटरमध्ये.

पहिला खर्डा मी खऱ्या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून गिरवला, आणि तिथेच फसलो. ९ किमी ८० मिमीत बसवले की १ मिमी म्हणजे साधारण ११२ मीटर. शेवटचे ७०० मीटर जेमतेम ६ मिमीत आले, म्हणजे तिन्ही वळणं एका नखाखाली! उरलेल्या कागदावर नुसता सरळ रस्ता. तो रिकामा दिसतो म्हणून मी त्याच्या कडेला शाळा, बँक, दवाखाना असं काय काय लिहीत गेलो आणि १४ नावं झाली.

दुसऱ्या खर्ड्यात प्रमाण सोडून दिलं. नकाशा उभा धरला आणि हमरस्त्याला खालून फक्त २० मिमी दिले. मधे दोन तिरप्या रेघांनी तो तोडला आणि शेजारी ‘८.३ किमी’ लिहिलं. वरचे ६० मिमी पूर्ण शेवटच्या टप्प्याला. कोपऱ्यात ‘नकाशा प्रमाणात नाही’ हे लिहायलाच हवं, नाहीतर लोक बोटाने अंतर मोजतात. येणारा माणूस कागदावर खालून वर जाईल अशी मांडणी ठेवली, म्हणजे कागदावरचं डावं तेच रस्त्यावरचं डावं. उत्तर दिशेचा बाण काढून टाकला. गाडी चालवताना उत्तर कुणाला हवी असते?

रस्ते सरळ करून फक्त ४५ आणि ९० अंशांत वळवले. लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेकचा १९३३ चा नकाशा याच पद्धतीचा आहे. पण रेल्वेच्या प्रवाशाला वळायचं नसतं, आपल्याला असतं, हे माझ्या लक्षात उशिरा आलं. दुसरं वळण प्रत्यक्षात फाटा आहे: रस्ता दुभंगतो आणि दोन्ही फांद्या पुढेच जातात. मी तो काटकोनात काढला. ती जागा न पाहिलेल्या भावाला कागद दिला आणि ‘कसा जाशील, सांग’ म्हटलं. तो म्हणाला, “सरळ जात राहीन, डावीकडे गल्ली आली की वळेन.” त्याला डावी फांदीच ‘सरळ’ वाटली असती आणि पुढची गल्ली शोधत तो भरकटला असता. आता तिथे स्पष्ट इंग्रजी वाय आहे. वाक काढून टाकले तरी चालतं, वळणाची जात बदललेली चालत नाही.

खुणांची निवड आता वळणांवरून करतो. वळणाच्या आधी दिसते ती हवी, वळल्यावर दिसते ती नको. पहिल्या वळणाचा पेट्रोल पंप मी आधी घेतला होता, पण येणाऱ्याच्या बाजूने तो पुलाच्या भिंतीआड जातो. त्याऐवजी पाण्याची टाकी घेतली, ती लांबूनच दिसते. शेवटच्या वळणापुढे रेल्वे फाटक ठेवलं, त्याखाली ‘इथे आलात तर मागे वळा’. हे वाक्य जागा खातं, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी तेच आहे. १४ नावांची ६ झाली.

अक्षरांनी सर्वाधिक वेळ घेतला. लॅटिन अक्षरं ७ पॉइंटला वाचता येतात, पण देवनागरीत त्याच उंचीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार बसवायचे असल्याने मूळ अक्षर बारीक होतं. ‘पूल’ आणि ‘फूल’ सारखेच दिसायला लागले. ९ पॉइंटला जमलं. आणखी एक भानगड शिरोरेषेची. रस्त्याला समांतर, त्याच्याच जाडीची शिरोरेषा म्हणजे दुरून आणखी एक रस्ताच! म्हणून जायचा रस्ता १.५ मिमी जाड काळा केला, बाकीचे राखाडी, आणि नावं रस्त्यापासून २ मिमी लांब. सगळी नावं आडवीच. जागा वाचवायला आकडे घालून खाली यादी द्यायचाही प्रयोग केला, पण नजर सारखी वर-खाली जाते, म्हणून रद्द.

पत्रिकेचा कागद खरखरीत आहे, त्यावर शाई पसरते. काल त्याच कागदावर खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून पाहिलं: टाकीच्या चित्रातल्या बारीक पायऱ्या भरून काळा ठिपका झाला होता. पायऱ्या काढल्या, चार पाय आणि वर गोल एवढंच ठेवलं. फाटकाच्या चित्रातल्या पट्ट्या अजून चिकटतात, तिथे पाचाऐवजी तीन करून उद्या पुन्हा छापतो.