एकोणऐंशी की एकोणनव्वद?

गेल्या हिवाळ्यात सोलापुरातल्या एका संस्थेच्या व्याख्यानमालेत मला चादरीवरच्या नक्षीबद्दल बोलायचं होतं. कार्यवाहांचा फोन आला, "सर, तेवढा बायोडेटा पाठवून द्या." मुलानं कधीतरी करून ठेवलेला दोन पानी बायोडेटा मी पाठवून दिला. चूक तिथेच झाली.

निवेदिका कॉलेजातली मुलगी, आवाज छान. तिनं तो कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. जन्मतारीख, शिक्षण, मग पत्ता. मोबाइल नंबरचे पाच आकडे वाचून झाले तेव्हा कुठे कार्यवाहांनी हात हलवला. सात मिनिटं मी मांडीवर शाल घेऊन फुलदाणीकडे बघत बसलो होतो. त्यात कागदावर मी कामाला लागल्याचं साल '१९७९' होतं, ते तिनं वाचलं "एकोणीसशे एकोणनव्वद." दुसऱ्या रांगेतून आमच्या कारखान्यातले जुने जॉबर ओरडले, "एकोणऐंशी गं बाळ! माझ्याच खात्यात लागला हा!" सभागृह हसलं, मुलगी लाल झाली आणि पुढचं सगळं ती धावत वाचत सुटली.

तिचा दोष म्हणता येणार नाही. ऐंशीला एक कमी ते एकोणऐंशी, नव्वदला एक कमी ते एकोणनव्वद. इंग्रजी शाळेत 'सेव्हंटी नाइन' म्हणून शिकलेल्या पोरीनं माइकसमोर हा हिशेब किती पटकन करावा? आकडा डोळ्यांनी वाचायचा असतो. तोंडानं वाचायचा असेल तर तो अक्षरात लिहून द्यावा, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं बोलावणं आलं तेव्हा कार्यवाहांनी मागायच्या आत मी स्वतः परिचय लिहायला बसलो. पहिला मसुदा 'मी १९७९ साली कामाला लागलो' असा. बायकोला म्हटलं, मोठ्यानं वाच. ती म्हणाली, "मी कशाला लागले कामाला? लागलात तुम्ही." मग सगळं 'ते'मध्ये बदललं. 'ज्येष्ठ अभ्यासक' खोडलं. स्वतःलाच लाज वाटली, आणि असली विशेषणं निवेदक आपल्या पदरची घालतातच. नक्षीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीत भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, असंही एक वाक्य होतं. बायको म्हणाली, "हे निवेदिकेनंच सांगितलं तर तुम्ही काय बोलणार?" तेही गेलं. उरलं ते हे:

आजचे वक्ते सोलापूरचेच.
एकोणीसशे एकोणऐंशी साली ते चादरीच्या कारखान्यात कार्ड पंचिंगच्या कामाला लागले.
चादरीवर जे मोर आणि फुलं दिसतात, त्यांची सुरुवात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत पाडलेल्या भोकांपासून होते.
अडतीस वर्षं त्यांनी ही भोकं पाडली.
कागदावरचा मोर चादरीवर कसा उतरतो, ते आज ते सांगणार आहेत.
ऐकू या, श्रीयुत अमुक अमुक यांना.

पन्नासच्या आत शब्द. सावकाश वाचलं तरी अर्धा-पाऊण मिनिट. नाव मुद्दाम शेवटी ठेवलं, म्हणजे टाळ्या कधी वाजवायच्या ते लोकांना कळतं आणि मलाही कधी उठायचं ते कळतं. मागच्या खेपेला नाव पहिल्याच ओळीत होतं. मी अर्धा उठलो आणि परत बसलो.

एक राहिलंच. पहिल्यांदा हा मजकूर मी डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून घेतला, तर कार्यवाहांच्या फोनवर नुसत्या खुणा आणि चौकोन उघडले. मग युनिकोडमध्ये टाइप केला आणि साध्या मेसेजमध्येही पाठवला, पीडीएफही पाठवली. अक्षर मोठं, अठरा पॉइंट. व्यासपीठावरचा उजेड प्रेक्षकांच्या सोयीचा असतो, वाचणाऱ्याच्या नव्हे. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, म्हणजे मान वर करून लोकांकडे बघितलं तरी परतायची जागा सापडते. वर ठळक लिहिलं: 'हे जसंच्या तसं वाचावं.' हे उद्धट वाटेल म्हणून खाली 'कृपया' जोडलं.

कार्यवाहांचं उत्तर आलं, "छान आहे सर. पण बायोडेटाही पाठवा." पाठवला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा तास आधी पोचलो. निवेदिका दुसरीच होती आणि तिच्या हातात काहीच नव्हतं. मेसेज कार्यवाहांच्या फोनमध्ये आणि कार्यवाह हारवाल्याकडे. खिशात दोन प्रती होत्या, त्यातली एक दिली आणि म्हटलं, एकदा मोठ्यानं वाचून बघ. ती 'पंचिंग'पाशी थोडी थांबली, मग नीट वाचलं. व्यासपीठावर तर तिनं 'एकोणऐंशी' असं ठणकावून म्हटलं की जॉबरांनी दुसऱ्या रांगेतून हात वर केला.

भाषण संपवून खाली उतरलो तर कार्यवाह समोर. "सर, तो बायोडेटा फाइलला लागतो."

"आता देतो," म्हटलं.