तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्ड स्टोरेजचे दुप्पट पैसे आणि माझं 'थांबा'

"भाऊ, दरसाल वीस लाख सुटते म्हनता, बारा वर्षात दोन कोटी चाळीस लाख येते, लावाचे एक कोटी वीस. सरळ दुप्पट हाय ना? मंग सभेत तुमी थांबा काऊन म्हनता?"

सभासद बंधू-भगिनींनो, सभेपासून हे मला रोज कोणी ना कोणी विचारतं, पानठेल्यावर, बागेत, परवा तर एका तेरवीच्या जेवणात विचारलं. तिथं उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही, म्हणून हे पत्र. पैसा तुमच्या शेअर्सचा आणि ठेवींचा आहे, हिशेब तुम्हाला पूर्ण कळलाच पाहिजे.

आधी ते वीस लाख कुठून आले ते पाहू. आपला प्लॅन १००० टनाचा, २५० टनाच्या चार चेंबर. दोन चेंबर संत्र्याला, दोन सुक्या लाल मिरचीला. संत्रा आंबियाचा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दीड महिना आणि मृगाचा मार्च-एप्रिलमध्ये दीड महिना, किलोमागे दर खेपेला २ रुपये भाडं, म्हणजे ५०० टनावर एका बहाराचे १० लाख, दोन्ही बहारांचे २० लाख. मिरची भिवापूर-कुहीकडच्या व्यापाऱ्यांची, ४० किलोचं पोतं, सीझनचे १६० रुपये, साडेबारा हजार पोती, तिचेही २० लाख. एकूण ४० लाख. त्यातून वीज, ऑपरेटर, डिझेल, विमा, मेंटेनन्स मिळून २० लाख गेले की उरतात २० लाख. इथपर्यंत कोणाचं भांडण नाही.

भांडण पुढं आहे, बारा वर्षांचे वीस-वीस लाख एकाखाली एक मांडून बेरीज करतो तिथं. समजा गावातलाच एक खात्रीचा माणूस म्हणाला की मी तुला बारा वर्षांनी वीस लाख देतो, तू मला आज किती देशील? वीस लाख कोणीच देणार नाही, दहा देतानाही हात आखडेल, कारण तेच पैसे बँकेत ठेवले असते तर वाढले असते. कोल्ड स्टोरेजही आपल्याशी असाच बोलतो आहे, फक्त बारा वेगवेगळ्या तारखांचे वायदे करतो. प्रत्येक वायद्याची आजची किंमत काढायची आणि मग बेरीज करायची, यालाच डिस्काउंटेड कॅश फ्लो म्हणतात.

दर मी ११ टक्के धरला. बँक आपल्याला साडेदहाने कर्ज देते आहे, ठेवीवर आपण आठ देतो, पण ठेवीत जी शाश्वती आहे ती संत्र्यात नाही म्हणून कर्जाच्याही थोडं वर. एक वर्षाने येणारे २० लाख भागिले १.११, आजचे झाले १८ लाख. पाचव्या वर्षाचे २० लाख, पाच वेळा भागा, उरतात ११ लाख ८७ हजार. बाराव्या वर्षाचे २० लाख आजचे फक्त ५ लाख ७२ हजार. बाराही वर्षं मिळून येतात १ कोटी ३० लाखांच्या आसपास. म्हणजे १ कोटी २० लाख घालून आजच्या भावात सुटतात जेमतेम १० लाख. दुप्पट कुठंच नाही.

ज्यांची पोरं कॉलेजात आहेत त्यांनी एक्सेलमध्ये करून घ्या, बी१ मध्ये १२०, बी२ ते बी१३ मध्ये २०, आणि मग हे:

```
=NPV(11%,B2:B13)-B1
```

बी१ कंसाच्या बाहेरच ठेवा. आत घेतलं तर आज द्यायचा पैसा वर्षभराने दिला असं धरलं जातं, बाकीचे वायदेही एकेक वर्ष पुढं सरकतात आणि उत्तर चुकतं.

सभेत एका काकांनी विचारलं की कर्जाचं व्याज कुठं वजा केलं. वेगळं वजा केलेलं नाही, कारण ११ टक्क्याने भागलं त्यातच ते आलं, दोनदा कापलं तर चांगला प्रकल्पही वाईट दिसेल. दुसरं विचारलं की भाडं तर वाढत जाईल, वीस लाख वीसच कसे? बरोबर आहे, पण विजेचं बिल आणि पगार भाड्याहून लवकर वाढतात. भाडं दरसाल ३ टक्के आणि खर्च ५ टक्के वाढवून पाहिला, बाराव्या वर्षी उरले २१ लाख. म्हणून २० सरळ ठेवले. सातव्या वर्षी कॉम्प्रेसरच्या मोठ्या कामाला १२ लाख लागतील आणि शेवटी शेड-भंगाराचे १५ लाख येतील असं धरलं तर आजच्या किमतीत दोन्ही जवळपास फिटतात, ते सोडून देऊ.

आता माझ्या मनात जे सलतंय ते मृग.

तुम्हाला मी संत्रा काय शिकवावा, पण कागदावर तो कसा दिसतो ते सांगतो. मृग बहार मे महिन्याच्या ताणावर आणि जूनच्या पावसावर उभा असतो. ताण बसला नाही, नाहीतर पाऊस लांबला, की झाड फुटतच नाही, आणि ते आपल्या हातात नाही. प्रकल्पाचा अहवाल बनवणाऱ्या सल्लागाराने मृगाचे दहा लाख बाराही वर्षं धरलेत. मी आपल्याच बागांचं आठवून तीन वर्षांत एक वर्ष मृग गेला असं धरलं. त्या वर्षी भाड्याचे १० लाख गेले, विजेचे २ वाचले, तोटा ८ लाख. तीन वर्षांवर वाटला तर दरसाल पावणेतीन लाखांच्या आत-बाहेर. वीसचे झाले १७ लाख ३३ हजार आणि त्यांची आजची किंमत होते १ कोटी साडेबारा लाख. घालायचे १ कोटी २०. एका मृगाने दहा लाखांचा नफा साडेसात लाखांच्या तोट्यात गेला, आणि हे कोणाच्या चुकीने नाही, नुसत्या पावसाने.

दुसरं, उघडायची तारीख. मिरचीची आवक फेब्रुवारी ते एप्रिल. बांधकाम जानेवारीत संपलं तर सीझन मिळतो, मे महिन्यात संपलं तर व्यापाऱ्याचा माल नागपूरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेलेला असतो आणि तो परत येत नाही. पहिल्या वर्षी २० च्या जागी ८ लाख आले तर आजच्या किमतीत १० लाख ८० हजार कमी होतात. बाराव्या वर्षी तेवढंच नुकसान झालं असतं तर आजचे साडेतीन लाखसुद्धा नसते. सुरुवातीचा उशीर सगळ्यात महाग पडतो तो असा.

बरेच जण म्हणतात अर्धाच बांधू, दोन चेंबर. ते मी आधी केलं होतं. खर्च अर्धा होत नाही, मशीनरूम, ट्रान्सफॉर्मर, रस्ता लागतोच, ७२ लाखांच्या खाली येत नाही. ऑपरेटरही तेवढेच, म्हणून उरतात वर्षाला ९ लाख, त्यांची आजची किंमत ५८ लाख. छोटा प्रकल्प जास्त बुडीत आहे.

मग मी चेंबरची वाटणी बदलून पाहिली. इमारत तीच, पण तीन चेंबर मिरचीला आणि एकच संत्र्याला. एका चेंबरमध्ये दोन्ही ठेवता येत नाहीत हे लक्षात असू द्या, संत्र्याला ६-७ डिग्री आणि ९० टक्क्यांवर ओलावा लागतो, पाचच्या खाली गेला की सालीवर डाग-खड्डे पडतात, आणि मिरचीला ६५ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा दिला तर बुरशी. या वाटणीत भाडं तेवढंच ४० लाख, पण मृग गेला तर तोटा ८ ऐवजी ४ लाख. सरासरी उरतात १८ लाख ६७ हजार, आजची किंमत १ कोटी २१ लाख. म्हणजे प्रकल्प आपल्या पायावर उभा राहतो, पण काठावर.

मला माहीत आहे की यावर काही जण रागावतील, संत्र्याचं म्हणून पैसे मागितले आणि जागा मिरचीला देता. राग खरा आहे. पण आपल्या संत्र्याचा हिशेब स्वतःच्या बागेपुरता करून पाहा. आज २५ रुपये भाव आहे, २ रुपये भाडं, १ रुपया हमाली-क्रेट, आणि दीड महिन्यात घट-सड धरून शंभरातला ९२ किलो विकायला उरतो. म्हणजे भाव साडेतीस झाला तर तुम्ही जागेवर आलात, त्याच्या वर गेला तर कमाई. अशी साडेपाच रुपयांची वाढ दरवर्षी मिळत नाही, आणि ज्या वर्षी मिळणार नाही त्या वर्षी तुम्हीच क्रेट भरणार नाही, भरूही नये.

सबसिडीबद्दल. फलोत्पादन अभियानात मंजूर खर्चाच्या ३५ टक्के मिळते, पण ती कर्जाशी जोडलेली आणि मागून येणारी आहे, आधी बांधा, पाहणी होऊ द्या, मग बँकेत जमा. अहवालात ती पहिल्याच दिवशी हातात आल्यासारखी वजा केली आहे, ते चूक. मंजूर खर्च ८० लाख धरला तर २८ लाख, दोन वर्षांनी आली तर आजचे २२ लाख ७० हजार. ही रक्कम मी रिकाम्या राहणाऱ्या जागेसाठी आणि उशिरासाठी राखून ठेवतो. तेवढ्याने आपल्याला वर्षाला १५ लाख उरले तरी चालतं, म्हणजे तीन चेंबरमध्ये मिरचीची १८,७५० पोत्यांची जागा आहे त्यातली साडेसोळा हजार पोती दरवर्षी भरली पाहिजेत. त्याच्या खाली आपण सभासदांच्या ठेवी खायला लागतो.

आज आपल्याकडे व्यापाऱ्यांनी लिहून दिलेली पोती आहेत नऊ हजार. बाकीच्यांनी 'पाठवू ना भाऊ' म्हटलंय, आणि ते मी कागदावर धरत नाही.

म्हणून थांबा. ॲडव्हान्ससकट तीन सीझनची साडेसोळा हजार पोती लेखी झाली की त्याच आठवड्यात ठरावावर सही करणारा पहिला मी असेन. पण काम फेब्रुवारीत सुरू झालं नाही तर पावसाळा धरून पुढच्या जानेवारीत संपत नाही, त्यामुळं फार वेळ नाही. साडेसात हजार पोती कमी आहेत. येत्या मंगळवारी सकाळी सात वाजता मी भिवापूरला निघतोय, व्यापाऱ्यांशी ओळख असलेले दोघं-तिघं सोबत आले तर बरं होईल, गाडीत जागा आहे.

तुमचा,
खजिनदार