एक जास्तीचा बाइट

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंट तपासणाऱ्या टीएला साम्याचे नवल वाटेनासे होते. क्रमाने लावलेल्या लिंक्ड लिस्टमध्ये नवी नोंद घालण्याचा सी भाषेतला प्रोग्रॅम साठ मुलांनी लिहिला, तर तो साठ ठिकाणी बराचसा सारखाच दिसणार, कारण निम्मा सांगाडा सरांनीच दिलेला असतो आणि उरलेल्या निम्म्याची आकृती फळ्यावर काढून झालेली असते. दोन उत्तरे बरोबर असतील, तर ती एकमेकांसारखी असण्यात काही वावगे नाही. संशय घ्यावा तो दोन्हींत एकच चूक असेल तेव्हा, आणि तीही सहसा कोणी न करणारी.

मला सापडलेली जोडी अशी होती. पहिल्यात व्हेरिएबलची नावे मराठी वळणाची, दुसऱ्यात एकेका अक्षराची. एकात कॉमेंट भरपूर, दुसऱ्यात एकही नाही. मात्र नव्या नोडसाठी मेमरी मागणाऱ्या ओळी अशा होत्या:

```c
struct node *nava = malloc(sizeof(struct node) + 1);
struct node *p = malloc(sizeof(struct node) + 1);
```

शेवटच्या `+ 1` ची इथे काहीच गरज नाही. स्ट्रिंगसाठी जागा मागताना अक्षरांच्या संख्येत एक मिळवावा लागतो, कारण स्ट्रिंग संपल्याची खूण असलेले शून्य एक बाइट घेते. नोडच्या आकारात मात्र सगळे आधीच मोजलेले असते. एक बाइट जास्त मागितल्याने काही बिघडत नाही, प्रोग्रॅम चालतो, सगळ्या टेस्ट केस पास होतात. ही चूक कोणाला त्रास देत नाही, म्हणूनच ती एका फाइलमधून दुसरीत जाताना कोणाच्या लक्षातही येत नाही.

तरीही लगेच निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते. ही ओळ एखाद्या सीनियरच्या नोट्समधून आलेली असेल, तर ती आणखी काही जणांकडेही सापडेल. म्हणून सगळ्या फाइलींत शोध घेतला. ती फक्त या दोघांकडेच होती. मग सगळी सबमिशन अ‍ॅलेक्स आयकेन यांनी 1994 मध्ये तयार केलेल्या मॉस या प्रणालीतून काढली. मॉसला व्हेरिएबलची नावे किंवा मोकळ्या जागा बदलून फसवता येत नाही. ती प्रोग्रॅमचे छोटे तुकडे करून त्यांचे ठसे जुळवते. सरांनी दिलेला सांगाडा `-b` लावून वगळता येतो, आणि वेगळे काही सांगितले नाही तर दहापेक्षा जास्त जणांकडे असलेला भाग ती स्वतःच सोडून देते. एवढे चाळूनही ही जोडी यादीत सर्वांत वर होती. अर्थात मॉस साम्य दाखवते. ते कशामुळे आले आणि कोणी कोणाचे घेतले, हे ती सांगत नाही.

सबमिशनच्या वेळेवरून ते कळेल असे वाटते. एकाने मुदतीच्या दोन दिवस आधी फाइल दिली होती, दुसऱ्याने शेवटच्या रात्री. उशिरा देणाऱ्यावर बोट ठेवणे सोपे होते. मी दोघांना वेगवेगळे बोलावले, आरोपाचा शब्दही न काढता, आणि हा `+ 1` कशासाठी, एवढेच विचारले. शेवटच्या रात्रीचा मुलगा म्हणाला, ‘‘दादा, नोडमध्ये नावाचा अ‍ॅरे आहे ना, त्याच्या शेवटच्या शून्यासाठी.’’ तर्क चुकीचा, पण त्याचा स्वतःचा. दोन दिवस आधी देणारा ओळीकडे पाहत राहिला. लिस्टच्या सुरुवातीलाच नवा नोड आला तर कोणता पॉइंटर बदलेल, हेही त्याला कागदावर दाखवता आले नाही. शेवटी त्यानेच सांगितले, की मित्राचा प्रोग्रॅम तयार झाल्यावर त्याने तो मागून घेतला, नावे बदलली आणि जमा करून टाकला. मित्र मात्र शेवटपर्यंत कॉमेंट लिहीत बसला होता.

सत्रारंभी दिलेल्या नियमपत्रात चर्चेला मुभा होती, कोड देण्याला आणि घेण्याला नव्हती, आणि दोन्हींना शिक्षा एकच होती. आपणच दोघांना समज देऊन प्रकरण मिटवावे, असा मोह झालाच. पण टीएने असे परस्पर मिटवले, की पुढच्या वेळी दुसरा टीए दुसऱ्या कोणासाठी वेगळा न्याय लावतो, आणि मुलांना ते आमच्याआधी कळते. मी दोघांच्या गुणांचे रकाने मोकळे ठेवले आणि त्या दोन ओळी, मॉसचा निकाल आणि दोघांची उत्तरे, कोणाला काय समजावता आले यासह, सरांना लिहून कळवली. ‘कॉपी’ हा शब्द मी कुठेही वापरला नाही.

सरांनी दोघांशी बोलून या असाइनमेंटला दोघांनाही शून्य दिले. लिहिणाऱ्या मुलावर ते जड गेले, असे माझे मत आजही आहे, आणि ते मी सरांना सांगितलेही. त्यांनी नियम बदलला नाही; मात्र त्या मुलाला समोर बसवून `sizeof` म्हणजे नेमके काय मोजते, ते नीट समजावून सांगितले.