तोठरा

रविवारी रात्री सव्वादहाला मेसेज आला. "ताई, राग मानू नका, पण केक कोरडा होता. आईंना पहिल्याच घासाला तोठरा बसला, पाणी द्यावं लागलं."

तोठरा हा शब्द मी कित्येक वर्षांनी वाचला. लहानपणी सातूचं पीठ नुसतंच तोंडात टाकलं की आजी ओरडायची, "अगं, तोठरा बसेल!" माझ्या केकने तो शब्द परत आणावा याची मला लाज वाटली. केक नुसता 'कोरडा' म्हटला असता तर ती तक्रार झाली असती. तोठरा म्हटल्यावर सगळं चित्रच समोर आलं. पंचवटीतलं जुनं घर, ताईंच्या आईंचं, म्हणजे त्या घरातल्या आजींचं सहस्रचंद्रदर्शन, सकाळी विधी, संध्याकाळी नातवंडांच्या हौसेखातर केक. सगळे टाळ्या वाजवतायत आणि आजी हातानेच खुणावतायत, पाणी, पाणी. हजार पूर्णचंद्र पाहिलेल्या बाईला मी एका घासात गप्प केलं.

रात्री एवढंच लिहिलं, "वाचलं ताई. उद्या सकाळी सविस्तर लिहिते." तेवढं लिहायला हवंच होतं. निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, अशी रात्र समोरच्याला फार मोठी जाते. मग मी झोपायचं सोडून वही काढली.

माझी केकची वही आहे. दह्याचा, बिनअंड्याचा केशर-पिस्ता केक एक किलोचा असेल तर बॅटर ११५० ग्रॅम, आठ इंची गोल टिन, ओटीजी १७० वर, ४५ मिनिटं. थंड झाल्यावर केक भरतो साधारण १०२० ग्रॅम. मधले एकशेतीसेक ग्रॅम पाणी भाजताना उडून जातं, ते जायलाच हवं. शनिवारच्या पानावर मात्र लिहिलं होतं, 'टिन ९ इंची. पाहुणे २५, मोठा दिसावा. वजन ९६०.' आणि त्याखाली माझ्याच अक्षरात, 'वरून पिस्ते जास्त घातले.'

या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ बसले होते. किलोचा केक कमी भरला, तर मी काय केलं? वाण्याने काटा सारखा करायला चिमूटभर डाळ टाकावी तसे पन्नास-साठ ग्रॅम पिस्ते पेरले, आणि मला वाटलं, किती प्रामाणिक आहे मी, गिऱ्हाइकाचं माप पुरं केलं! पण तेवढंच बॅटर घालून ६० ग्रॅम कमी का भरले, हे विचारलंच नाही. ते ६० ग्रॅम पाणी होतं. केकमधलं पाणी उडवलं आणि त्या जागी पिस्ते भरून दिले.

कारण साधं आहे आणि शाळेतलं गणित आहे. आठ इंची टिनच्या तळाचं क्षेत्रफळ आणि नऊ इंचीचं, यांत चौसष्टाला एक्याऐंशी असा फरक पडतो. म्हणजे एकच इंच वाढला, पण जागा सव्वापटीहून थोडी जास्त झाली. तेच बॅटर पसरून पातळ झालं. पातळ थर पस्तीसेक मिनिटांत शिजला असणार, आणि मी त्याला वहीतली ४५ मिनिटं पूर्ण दिली. शेवटची दहा मिनिटं तो केक भाजत नव्हता, वाळत होता.

सुरी घालून पाहिली होती की! अगदी स्वच्छ बाहेर आली. इतकी वर्षं स्वच्छ सुरीला मी बक्षीस समजत आले. पण सुरी फक्त कच्चं सांगते, जास्त झालेलं सांगत नाही. पस्तिसाव्या मिनिटाला स्वच्छ आणि पंचेचाळिसाव्यालाही स्वच्छ. तिला एक-दोन ओलसर कण चिकटलेले असतात तीच खरी बाहेर काढायची वेळ, कारण केक टिनमध्ये असेपर्यंत त्याच्या उष्णतेवर आणखी थोडा शिजतोच. दुसरी खूण कडेला असते. कड टिनपासून सुटायला लागली की झालं. शनिवारी ती सुटून बोटभर आत सरकली होती आणि मला वाटलं, वा, किती छान निघणार!

बरं, घरातल्या घरात इशारा मिळाला होता तोही मी पाहिला नाही. चौकोनी डब्यात नीट बसावा म्हणून कडेची पट्टी कापली होती. ती धाकट्याने चहात बुडवून खाल्ली. एरवी हा मुलगा खारीसुद्धा कोरडी खातो.

सकाळी माफी लिहायला बसले. पहिला खर्डा असा होता, 'झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आहोत म्हणजे कोण? मी तर नाही केला केक." खरंच की. माझ्या स्वयंपाकघरात मी एकटी. हा 'आम्ही' कुठून आला? कुठल्याशा कार्यालयाच्या भिंतीवरून उतरून आला असणार, 'आज व्यवहार बंद राहतील, क्षमस्व' या पाटीशेजारून. दिलगिरी 'व्यक्त' करतात. सॉरी गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणतात. क्षमा बहुधा देवाकडे मागतात. आणि ज्याला घरी केक करून दिला, ज्याच्या आजींचं वय आणि दातांची अडचण आपल्याला माहीत आहे, त्याला काय म्हणायचं? आपल्याकडे त्यासाठी दोन शब्द आहेत आणि ते लिहिताना हात जड होतो. चुकलं माझं.

दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं, 'केक कोरडा वाटला असल्यास...' या 'वाटला असल्यास'मध्ये किती लबाडी आहे! म्हणजे केक होता तसा बराच होता, तुमच्या आजींनाच तो वाटला. पाणी मागवावं लागलं त्यात वाटण्यासारखं काय होतं?

तिसऱ्यात मी फ्रिज आणला. हा मोह सगळ्यात मोठा, कारण त्यात थोडं खरंही होतं. केक शनिवारी दुपारी दिला, कापला रविवारी संध्याकाळी. मधली रात्र तो फ्रिजमध्ये होता, हे त्यांनीच नंतर सांगितलं. फ्रिजच्या गारव्यात मैद्यातला स्टार्च बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर कडक होतो, आणि माझ्या केकमध्ये बटर असतं, तेही घट्ट होतं. शिळी पोळी फ्रिजमधून काढल्यावर जशी लागते तसंच. क्रीमचा केक असता तर फ्रिज भागच होता, पण आजींना 'तो वरचा साबण' नको होता म्हणून क्रीम नव्हतंच. असा केक नाशिकच्या डिसेंबरात डब्यात झाकून ओट्यावर छान राहतो. पण हे त्यांना कोणी सांगायचं होतं? डब्यावर मी माझं नाव सोनेरी अक्षरांत छापलंय, 'फ्रिजमध्ये ठेवू नका' एवढं साध्या पेनानेही लिहिलेलं नाही. आणि वजन तर फ्रिजमध्ये जाण्याआधीच ९६० भरलं होतं. ते वाक्य खोडलं.

उरलेल्या केकवर साखरेचं पाणी शिंपडून पाहा, मऊ होईल, हेही लिहून खोडलं. उपाय बरोबर आहे. पण चूक माझी आणि ब्रश त्यांच्या हातात? उरलेला तुकडा परत मागायचाही विचार आला होता, कसा झाला होता ते बघायला. म्हटलं नको, पुरावा मागितल्यासारखं होईल.

शेवटी जे पाठवलं ते एवढं होतं:

'ताई, केक कोरडा होता. चुकलं माझं. मोठा दिसावा म्हणून नेहमीपेक्षा मोठ्या टिनमध्ये केला आणि वेळ तीच ठेवली, त्यामुळे जास्त भाजला गेला. वजन कमी भरलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, तेव्हा मी वरून पिस्ते घातले. आईंच्या कार्यात असं झालं याचं फार वाईट वाटतंय. तो दिवस काही मला परत देता येणार नाही. बुधवारी नवा केक करून मी स्वतः आणून देईन, त्याचे पैसे नाहीत. त्याऐवजी ९०० रुपये परत हवे असतील तर तसं कळवा, लगेच पाठवते.'

पिस्त्यांचं वाक्य ठेवावं का, यावर घरात मतभेद झाले. नवऱ्याचं म्हणणं, ते कुणी विचारलंय? सासूबाई म्हणाल्या, राहू दे. राहिलं.

उत्तर आलं, "केकच आणा. आई म्हणतात पैसे कसले परत घ्यायचे."

मंगळवारी रात्री आठ इंची टिन काढला. तिसाव्या मिनिटापासून ओटीजीसमोर पाट टाकून बसले. एकेचाळिसाव्या मिनिटाला सुरीला दोन कण चिकटले, कड जेमतेम सुटली होती, काढला. दहा मिनिटांनी टिनमधून जाळीवर, आणि कोमट असतानाच प्लास्टिकच्या कागदात गुंडाळला, म्हणजे वाफ आतच राहते. सकाळी वजन १०२८. अर्धी वाटी पाण्यात पाव वाटी साखर आणि केशर घालून उकळलं, आणि त्यातलं चार चमचे पाणी वरून ब्रशने फिरवलं. तेव्हा मनात आलं, हेही पिस्त्यांसारखंच लपवणं तर नाही? पण कापलेल्या तुकड्याचा चुरा बोटांत दाबला तर तो परत चिकटत होता. शनिवारच्या पट्टीची भुकटी झाली असती. केशराचं पाणी वासापुरतं होतं.

डब्यावर चिठ्ठी चिकटवली, 'फ्रिजमध्ये ठेवू नये, दोन दिवसांत संपवावा', आणि स्कूटीवरून पंचवटीत नेऊन दिला. आजी आत झोपल्या होत्या. दारातूनच परत आले. रविवार कारंज्यापाशी सिग्नलला थांबले तेव्हा फोन दोनदा वाजला. घरी येऊन पाहिला.

"ताई, मऊ आहे हो! सगळ्यांना आवडला." आणि त्याखाली, "आई मात्र चहात बुडवूनच खातायत."